कोटेशन सहा लाख सत्तर हजारांचं, खर्च सत्तावीस लाखांचा

‘सध्याची पद्धत कालबाह्य झाली असून नव्या सॉफ्टवेअरमुळे कामकाजात सुसूत्रता, पारदर्शकता व गती येईल. तरी मंजुरी मिळावी ही विनंती.’ सॉफ्टवेअरसाठी बजेट मागणारे बरेचसे मेमो याच वळणाचे असतात. मागे वेंडरचं गुळगुळीत माहितीपत्रक आणि कोटेशन टाचलेलं असतं. साहेब शेवटच्या पानावरचा आकडा बघतात, ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात आणि कागद बाजूला सरकवतात. यात दरवेळी चिक्कूपणाच असतो असं नाही. त्या कागदावरून ‘हो’ म्हणायलाही आधार सापडत नाही आणि ‘नाही’ म्हणायलाही.

असा मेमो नीट लिहायचा तर त्यात काय काय लागतं, हे एका उदाहरणातून पाहू. भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणा. नव्वदेक कामगार, दोन पाळ्या, हिशेब टॅलीत आणि स्टोअरचा साठा एक्सेलमध्ये. कारखाना उदाहरणापुरता आहे आणि आकडे हिशेब समजावा म्हणून गोल केलेले आहेत. पण अशा कारखान्यात वावरलेल्या कुणालाही ते ओळखीचे वाटतील.

दुखतंय कुठे

मेमोची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करायची नाही, दुखण्यापासून करायची. तेही मोजून.

लेथवर पोलाद कापायला कार्बाइडचे छोटे इन्सर्ट लागतात. त्यातला एक नेहमीचा प्रकार म्हणजे `CNMG 120408`. आपल्या कारखान्याच्या एक्सेलमध्ये तो तीन ठिकाणी नोंदलेला आहे: एकदा `CNMG 120408`, एकदा मधली जागा गाळून `CNMG120408` आणि एकदा `Insert CNMG 12 04 08`. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी केलेल्या या नोंदी. खरेदी विभाग पहिल्या ओळीत शून्य बघतो आणि गावातल्या डीलरकडून चढ्या भावाने दोन डबे मागवतो. तिसऱ्या ओळीतले चाळीस नग तेव्हा कपाटातच पडून असतात.

दुसरी गोष्ट रात्रपाळीची. रात्री स्टोअरमध्ये कुणी नसतं. सुपरवायझर कुलूप उघडून माल काढतो आणि चिठ्ठी ड्रॉवरमध्ये ठेवतो. ती चिठ्ठी एक्सेलमध्ये चढते दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला. तोवर खरेदीवाल्याने सकाळचा साठा पाहून ‘माल आहे’ असं धरलेलं असतं.

ही दोन कारणं हाती आली की वर्षभराची खरेदीची बिलं काढायची आणि घाईने घेतलेला माल वेगळा करायचा. या कारखान्यात तो निघाला ३८ लाखांचा. नेहमीच्या दरापेक्षा सरासरी १० टक्के जास्त मोजावे लागले, म्हणजे ३ लाख ८० हजार रुपये निव्वळ घाईचे. न वापरता जुना झाला म्हणून खर्ची टाकलेला माल १ लाख ६० हजारांचा. महिनाअखेरच्या साठामोजणीचा ओव्हरटाइम ९० हजार. सरासरी साठा १ कोटी २० लाखांचा, त्यावर बँकेच्या कॅश क्रेडिटचं व्याज चालू. हे आकडे हिशेबाच्या वह्यांतून उचललेले असल्यामुळे वाचणाऱ्याला ते पडताळून बघता येतात. ‘सुसूत्रता’ पडताळता येत नाही.

कोटेशनबाहेरचा खर्च

वेंडरचं कोटेशन असं आहे: १५ जणांसाठी माणशी दरमहा १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला २ लाख ७० हजार. शिवाय बसवून देण्याचे एकरकमी ४ लाख. बेरीज ६ लाख ७० हजार. मेमोत हाच आकडा उतरवला तर घोटाळा तिथेच सुरू होतो.

कारण वेंडर त्याच्या बाजूचा खर्च लिहितो, आपल्या बाजूचा लिहीत नाही. बारकोडचा प्रिंटर, स्कॅनर आणि स्टोअरमधले दोन टॅब मिळून १ लाख ४० हजार. टॅलीशी जोडणी १ लाख. प्रशिक्षण ६० हजार. आणि सर्वांत हमखास विसरली जाणारी बाब म्हणजे जुनी यादी साफ करणं. त्या इन्सर्टच्या तीन ओळींची एक ओळ करायची, असं हजारो वस्तूंबाबत करायचं आणि प्रत्येक कप्पा मोजायचा. त्यासाठी दोन महिने दोन हंगामी माणसं लागतील, त्यांचे १ लाख. एकरकमी खर्च झाला ८ लाख. त्यावर १५ टक्के राखीव धरले की ९ लाख २० हजार.

राखीव रक्कम मागताना अनेकांना संकोच वाटतो, आपला अंदाज कच्चा आहे असं दिसेल म्हणून. प्रत्यक्षात मोठमोठी सरकारंही ती धरतात. ब्रिटनच्या अर्थखात्याची ‘ग्रीन बुक’ नावाची मार्गदर्शिका गृहीतच धरते की प्रस्ताव लिहिणारा आशावादी असतो. तिच्या पूरक सूचनांमध्ये उपकरणं आणि विकासाच्या प्रकल्पांसाठी भांडवली खर्चाचा अंदाज सुरुवातीला २०० टक्क्यांपर्यंत वाढवून धरायला सांगितलं आहे. तयारी जसजशी पक्की होईल तसतशी ही वाढ खाली आणायची. आपलं सॉफ्टवेअर तयार आणि विकत मिळणारं आहे, म्हणून १५ टक्के चालतील. सगळं नव्याने लिहून घ्यायचं असतं तर चालले नसते.

वार्षिक खर्चातही वर्गणीखेरीज दुरुस्ती-बदलांचे ६० हजार आणि लेबलचे रोल, जादा इंटरनेट जोडणी वगैरे ३० हजार येतात. एकूण ३ लाख ६० हजार. पहिल्या वर्षीच १२ लाख ८० हजार जातात, म्हणजे कोटेशनच्या जवळजवळ दुप्पट. पाच वर्षांचे होतात २७ लाख २० हजार. मंजुरी देणाऱ्यापुढे ठेवायचा आकडा हा. सॉफ्टवेअर एकदा अंगवळणी पडलं की पाच वर्षांच्या आत ते कुणी सहसा बदलत नाही, म्हणून मुदत पाच वर्षांची.

जीएसटीचं काय? सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के लागतो. आपल्या कारखान्याला त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणून तो खर्चात धरायचा नाही. फक्त तेवढी रोकड आधी जाईल हे नमूद करायचं. क्रेडिट न मिळणाऱ्या शाळेने किंवा धर्मादाय रुग्णालयाने मात्र तो खर्चातच धरायला हवा.

बचत कुठली खरी, कुठली कागदावरची

मेमोचा जीव लाभाच्या पानात असतो, आणि सगळ्यात जास्त थापाही याच पानावर असतात. त्या मुद्दाम मारलेल्या नसतात. हिशेबाच्या दोन सवयींतून त्या येतात.

पहिली सवय वाचलेल्या वेळेची. स्टोअरचे दोन कारकून आणि अकाउंट्समधला एक, मिळून रोज तीन तास ताळे जुळवण्यात घालवतात. त्या तासांना पगाराने गुणलं की वर्षाची लाखभराहून जास्त ‘बचत’ दिसते. पण सॉफ्टवेअर आल्यावर या तिघांचा पगार कमी होणार आहे का? नाही. मग कारखान्याच्या खात्यात एक रुपयाही वाढत नाही. वेळ वाचतो ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिचे पैसे तेव्हाच धरावेत जेव्हा ओव्हरटाइम बंद होईल किंवा भरायचं ठरलेलं पद भरावं लागणार नाही. इथे महिनाअखेरचा ९० हजारांचा ओव्हरटाइम खरोखर थांबणार आहे, म्हणून तेवढाच धरला. उरलेले तास बेरजेच्या रेघेखाली, पैशात न मांडता लिहिले.

दुसरी सवय साठ्याची. यादी नीट झाली की १ कोटी २० लाखांचा साठा १५ टक्क्यांनी, म्हणजे १८ लाखांनी उतरेल असा अंदाज आहे. उत्साही मेमोत हे १८ लाख ‘वार्षिक लाभ’ म्हणून येतात. पण ही रक्कम एकदाच सुटते, आणि ती नफा नव्हे. मालात अडकलेले आपलेच पैसे मोकळे होतात. दरवर्षी वाचतं ते त्यावरचं व्याज. कॅश क्रेडिटचा दर १० टक्के धरला तर १ लाख ८० हजार. मंजुरी देणारा हिशेबातला असेल तर ही चूक त्याला पहिल्या वाचनात दिसते, आणि मग बाकीच्या आकड्यांवरूनही त्याचा विश्वास उडतो.

तर पूर्ण संचाचा हिशेब असा बसतो. घाईची खरेदी निम्मी होईल, १ लाख ९० हजार. व्याज १ लाख ८० हजार. ओव्हरटाइम ९० हजार. खराब जाणारा माल निम्मा होईल, ८० हजार. उत्पादनाचं नियोजन सुधारल्याने उशिराचा माल स्पेशल टेम्पोने पाठवण्याचा खर्च ६० हजारांनी कमी होईल. बेरीज वर्षाला ६ लाख. पहिल्या वर्षी बसवण्यात आणि रुळण्यात वेळ जाणार, म्हणून निम्मेच, ३ लाख. पाच वर्षांत २७ लाख. आणि खर्च किती होता? २७ लाख २० हजार.

म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी वीस हजारांचा तोटा. इथे बरेच जण आकडे ‘जरा’ वाढवतात. शहाणा माणूस मागणीच बदलतो.

पर्याय मांडले की मागणी बदलते

लाभाची यादी पुन्हा पाहिली तर पाचपैकी चार गोष्टी स्टोअर आणि खरेदीतून येतात. नियोजनाचा भाग आणतो फक्त ६० हजार, पण १५ पैकी ९ जण त्याच्यासाठीच लागतात. तो भाग सध्या सोडला तर?

सहा जणांची वर्गणी वर्षाला १ लाख ८ हजार. दुरुस्ती-बदल ४२ हजार, लेबल-इंटरनेट ३० हजार. वार्षिक खर्च १ लाख ८० हजार. एकरकमी खर्चात बसवणं २ लाख २० हजार आणि प्रशिक्षण ४० हजार. यंत्रसामग्री, टॅलीची जोडणी आणि यादीची सफाई पहिल्याइतकीच. झाले ६ लाख, राखीव धरून ६ लाख ९० हजार. पाच वर्षांचे १५ लाख ९० हजार. लाभ वर्षाला ५ लाख ४० हजार, पहिल्या वर्षी निम्मा; पाच वर्षांत २४ लाख ३० हजार. शिल्लक ८ लाख ४० हजार, आणि घातलेले पैसे साधारण २ वर्षं ८ महिन्यांत वसूल. पाच वर्षांनी मिळणारा रुपया आजच्या रुपयाइतका नसतो. १० टक्के दराने आजच्या मोलात आणलं तर शिल्लक सव्वाचार लाखांच्या आसपास येते. तरीही ती शिल्लकच आहे.

पुढची परीक्षा लाभ कमी पडले तर काय होतं याची. या लहान पर्यायात लाभ एक तृतीयांशाने घटले तरी १६ लाख २० हजार येतात आणि १५ लाख ९० हजारांचा खर्च निघतो. मोठ्या पर्यायात शंभर टक्के लाभ मिळूनही तो निघत नव्हता. या एका तुलनेने मंजुरी देणाऱ्याला जे कळतं, ते सॉफ्टवेअरच्या गुणांची वीस पानं वाचून कळणार नाही.

मेमोत आणखी एक पर्याय हवाच: सॉफ्टवेअर न घेता काय करता येईल. साहेबांचा पहिला प्रश्न तोच असतो, ‘अहो, यादी साफ करायला आणि चिठ्ठी वेळेवर चढवायला सॉफ्टवेअर कशाला लागतं?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर आकड्यात द्यावं लागतं. यादी एक्सेलमध्येही साफ करता येईल, पण रात्रीची नोंद रात्रीच व्हायला दुसऱ्या पाळीला स्टोअरमध्ये माणूस हवा. दरमहा २० हजारांनी त्याचे वर्षाला २ लाख ४० हजार होतात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या वार्षिक खर्चापेक्षा जास्त. हे उत्तर नसेल तर मेमो पाठवायची घाई करू नये.

कायद्याचा धाक घालण्याचा मोहही आवरावा. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा माग राहिला पाहिजे, हा नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. दोन्ही नियम खरे आहेत, पण त्यांची सोय या कारखान्याच्या टॅलीत आधीच आहे. स्टोअरच्या सॉफ्टवेअरसाठी ते कारण म्हणून पुढे केले तर अकाउंट्सवाले मीटिंगमध्येच ते खोडून काढतात.

जोखीम: लाल-पिवळे ठिपके पुरत नाहीत

जोखमीच्या तक्त्यात ‘कर्मचाऱ्यांचा विरोध: मध्यम’ असं लिहून एक पिवळा ठिपका दिला की काम झालं असं समजलं जातं. त्यातून कुणालाच काही करता येत नाही. प्रत्येक जोखमीपुढे तीन गोष्टी हव्यात: ती खरी ठरतेय हे कशावरून कळेल, ते कोण बघणार आणि तसं झालं तर आपण काय करणार.

आपल्या कारखान्यातली पहिली जोखीम यादीचीच. ती साफ न होता सॉफ्टवेअर चालू केलं तर जुनाच गोंधळ बारकोड लावून पुढे चालेल. उपाय साधा आहे. चालू करण्याच्या आठवडाभर आधी अकाउंट्सच्या माणसाने कुठल्याही पन्नास वस्तू निवडून मोजायच्या. तीनपेक्षा जास्त चुकल्या तर तारीख पुढे ढकलायची. हे मेमोत आधीच लिहून ठेवलं की त्या दिवशी वाद होत नाही.

दुसरी जोखीम जुनं एक्सेल गुपचूप चालू राहण्याची. तिची खूण रात्रपाळीत दिसते: रात्री निघालेल्या मालातल्या किती नोंदी त्याच वेळी झाल्या आणि किती सकाळी. सॉफ्टवेअरच नोंदीची वेळ टिपतं, त्यामुळे स्टोअर इनचार्जला हे दर सोमवारी बघता येतं. महिन्याभरानंतरही सकाळच्या नोंदी चालू असतील, तर अडचण बहुतेक वेळा टॅब कुठे ठेवलाय किंवा पासवर्ड कुणाकडे आहे एवढीच निघते.

तिसरी जोखीम ‘आमच्या पद्धतीप्रमाणे बदलून द्या’ या हट्टाची. जर्मनीच्या लिडल या सुपरमार्केट साखळीने २०११च्या सुमारास एसएपीवर आधारित साठ्याची नवी व्यवस्था उभारायला घेतली. लिडल साठ्याचं मोल खरेदीच्या किमतीने धरत असे, तर ते सॉफ्टवेअर विक्रीच्या किमतीने. आपली पद्धत बदलण्याऐवजी कंपनीने सॉफ्टवेअर बदलून घेतलं, बदल वाढत गेले आणि २०१८ मध्ये सगळं गुंडाळावं लागलं. तोवर गेलेला खर्च सुमारे ५० कोटी युरो असल्याच्या बातम्या आल्या. आपल्या मेमोतला बदलांसाठीचा ४२ हजारांचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा आहे. तो वर्षाची कमाल मर्यादा म्हणून लिहायचा. त्यापलीकडच्या प्रत्येक बदलाला वेगळी मंजुरी.

चौथी जोखीम तारखेची. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९च्या जुलैमध्ये सुमारे ११ कोटी डॉलर खर्चून नव्या यंत्रणा एकदमच चालू केल्या, हॅलोविनच्या ऑर्डरी येत असताना. गोदामांत माल होता, पण सुमारे १० कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेवर पोचवता आल्या नाहीत. आपल्या कारखान्याने दिवाळीआधीची धावपळ आणि मार्चअखेर दोन्ही टाळायला हवेत. गिऱ्हाइकाचा प्लांट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात देखभालीसाठी बंद असतो. साठा तेव्हा मोजायचा आणि १ जानेवारीला चालू करायचं.

राहिली जोखीम वेंडरची. तो भाव वाढवेल किंवा धंदा बंद करेल. तीन वर्षं दर बांधून घ्यायचे, आणि आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये उघडेल अशा रूपात कधीही काढून घेता येईल ही अट करारात घालायची. नुसती अट घालूनही भागत नाही. पहिल्याच महिन्यात एकदा डेटा काढून, उघडून बघायचा.

पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी

हे सगळं लिहून झाल्यावर मेमोचा पहिला परिच्छेद लिहायचा. तो असा असेल:

*‘स्टोअर व खरेदी विभागासाठी साठा-नियंत्रण सॉफ्टवेअर, ६ जणांसाठी. एकरकमी ६ लाख ९० हजार रुपये, पैकी ९० हजार राखीव. वार्षिक १ लाख ८० हजार. पाच वर्षांचा खर्च १५ लाख ९० हजार, अपेक्षित बचत २४ लाख ३० हजार. बचत एक तृतीयांशाने कमी झाली तरी खर्च निघतो. १५ जणांचा पूर्ण संच तपासला. तो पाच वर्षांत परवडत नाही, म्हणून मागितलेला नाही. डिसेंबरमधल्या साठामोजणीआधी यादी साफ व्हायची असल्याने निर्णय ३० सप्टेंबरपर्यंत हवा.’*

याखाली पाच नाही तर चारच ओळींचा तक्ता: प्रत्येक बचतीपुढे आजचा आकडा, वर्षभरानंतरचा अपेक्षित आकडा आणि उत्तरदायी माणसाचं नाव. घाईच्या खरेदीपुढे खरेदी प्रमुख, ओव्हरटाइमपुढे स्टोअर इनचार्ज, असं. हे नाव लिहायला सांगितलं की गंमत होते. जी माणसं ‘चार लाख सहज वाचतील’ म्हणत होती तीच ‘दोन लाख धरा’ म्हणतात. तो दोन लाखांचा आकडाच मेमोत जायला हवा.

मंजुरी देणाऱ्याच्या हातीही त्यामुळे काहीतरी येतं. तो पैसे टप्प्याने सोडू शकतो: आधी यादीच्या सफाईचे एक लाख, पन्नास वस्तूंची मोजणी जमली की बाकीचे. सफाईतच काम अडकलं तर कारखान्याचं नुकसान एक लाखावर थांबतं, आणि साफ झालेली यादी एक्सेलमध्येही उपयोगी पडतेच. वर्षाने तोच तक्ता पुन्हा काढून आकडे भरले की नियोजनाच्या भागासाठी उरलेल्या नऊ जणांची वर्गणी मागायची की नाही, हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.